कुर्ती छातीत बसते, मग बाजूचे कट का फाकतात?

खांदा जागेवर, छातीत नीट, बाहीही छान. आरशासमोर सरळ उभं राहिलं की मात्र दोन्ही बाजूंचे कट उलट्या व्हीसारखे उघडलेले. खुर्चीतून उठलं की कुर्ती पोटाजवळ गोळा झालेली, ती खाली ओढायची सवयच लागते. चार-सहा धुण्यांनंतर कटाच्या वरच्या टोकाला शिवण उसवते. ती शिवून आणावी, तर पुन्हा बरोबर तिथेच उसवते.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कपड्यांत ही तक्रार नेमाने येते आणि तिच्याबरोबर निदानही तयार असतं. कोणी म्हणतं कापड हलकं निघालं, कोणी म्हणतं मीच सुटले. बहुतेक वेळा दोन्हीत तथ्य नसतं. कुर्ती घेताना छाती मोजलेली असते, फार तर हिप मोजलेलं असतं. पण कुर्तीचा कट जिथे सुरू होतो, त्या उंचीवर अंगाचा घेर किती आहे हे कोणी मोजलेलंच नसतं. कुर्ती अडकते ती नेमकी तिथे.

आधी दोष कुर्तीच्या मापात आहे ना, ते बघा

कुर्ती उलटसुलट न ओढता टेबलावर किंवा पलंगावर सपाट पसरा. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर येऊ द्या. कटाच्या दोन्ही कडा एकावर एक सरळ पडल्या तर शिवण ठीक आहे आणि दोष मापाचा आहे. सपाट ठेवूनही कडा वळत असतील, लाटा येत असतील किंवा टोकाशी चुणी पडत असेल, तर कटाची दुमड शिवताना कापड ओढलं गेलंय किंवा टीप घट्ट बसलीय. अशी कुर्ती दोन साइज मोठी घेतली तरी फाकणारच. ती टीप उसवून, कडेला इस्त्री करून पुन्हा सैल टीप मारावी लागते. बाकी काही करावं लागत नाही.

मापाचा दोष असेल तर कुर्ती घाला आणि आरशाकडे बाजू करून उभ्या राहा. कुर्ती खाली ओढू नका. ती जशी बसते तशी बसू द्या, कारण ओढली की पुरावाच नाहीसा होतो. आता बाजूची शिवण बघा. काखेपासून कटापर्यंत ती सरळ खाली यायला हवी. कटाजवळ ती मागे वळत असेल, तर मागचा भाग हिपवर अपुरा पडतोय आणि पुढच्या भागातून कापड खेचून घेतोय. ती पुढे वळत असेल तर पोट किंवा छाती कापड मागतेय. छाती मागत असेल तर आणखी एक खूण दिसते, पुढची खालची किनार मागच्यापेक्षा वर उचललेली असते. शिवण सरळ आहे, पण कटाच्या टोकापासून आडव्या सुरकुत्या मांडीच्या वर पुढेमागे गेल्यात, असं असेल तर चारही बाजूंनी घेर कमी आहे.

पुढे लिहिलंय ते मुख्यतः या शेवटच्या आणि मागे वळणाऱ्या शिवणीच्या प्रकाराबद्दल. छातीमुळे पुढची किनार उचलली जात असेल तर हिपचं गणित करून उपयोग नाही. तिथे छातीला टक्स असलेली कुर्ती बघावी लागते किंवा छातीसाठी एक साइज वर जावं लागतं.

हिपचं माप एक नसतं, दोन असतात

छातीचं माप सगळ्यांना येतं, म्हणून ते थोडक्यात. सर्वांत भरलेल्या जागी, टेप पाठीवर खाली न घसरू देता, श्वास रोखून न धरता. कुर्तीखाली जी ब्रा घालणार तीच घालून मोजा. पॅडवाली ब्रा असेल तर माप सहज अर्धा-एक इंच बदलतं.

हिपची गोष्ट वेगळी आहे. शिंपी ज्याला सीट म्हणतात ते माप पाय जुळवून, सर्वांत भरलेल्या जागी घेतात. तक्त्यातही तेच असतं. बाजूला कट नसलेल्या, कळीदार किंवा पुढे मध्ये कट असलेल्या कुर्तीला ते पुरेसं आहे, कारण तिथे कापड हिपभोवती बंद नळीसारखं असतं. तिथे सीटच्या मापावर तीन-चार इंच लूझिंग, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्तीचं कापड, पाहिजेच.

बाजूला कट असलेल्या सरळ कुर्तीत मात्र बंद नळी कटाच्या टोकाशी संपते. त्याखाली पुढचं आणि मागचं असे दोन सुटे पडदे लोंबत असतात. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. एक, कटाच्या टोकाशी नळी अंगाला आवळते का? दोन, सर्वांत भरलेल्या जागी दोन पडदे मिळून अंग झाकतं का? पहिल्या प्रश्नात नापास झालेली कुर्ती वर चढते, फाकते आणि उसवते. दुसऱ्यात नापास झालेली फक्त थोडी फट दाखवते. पडद्यांची बेरीज अंगापेक्षा एक इंच कमी असेल तर उभं राहिल्यावर एकेका बाजूला अर्धा इंच फट दिसेल, जी लेगिंग घातल्यावर कुणाला खटकतही नाही. पहिला दोष सोसवत नाही, दुसऱ्याचं फारसं काही वाटत नाही. तक्ते दोन्हींना ‘हिप’ हा एकच आकडा देऊन मोकळे होतात.

कटाच्या उंचीवरचं माप असं घ्या. तुमची नेहमीची, कट असलेली एखादी कुर्ती सपाट ठेवा. खांद्यावर गळ्याला लागून जो सर्वांत वरचा बिंदू असतो, तिथून सरळ खाली कटाच्या टोकाच्या रेषेपर्यंत टेप लावा. सरळ कुर्त्यांत हे अंतर साधारण २० ते २२ इंच भरतं, आणि साइज वाढली म्हणून ते फारसं बदलत नाही. आता अंगावर त्याच बिंदूपासून, छातीवरून, तेवढंच अंतर खाली मोजा आणि तिथे एक सुतळी किंवा जुनी नाडी कमरेभोवती आडवी बांधा. त्या नाडीवरून घेर मोजा. मग नाडी तशीच ठेवून खुर्चीत बसा आणि पुन्हा मोजा. बसल्यावर घेर वाढतो. कुणाचा एक इंच, कुणाचा तीन इंच. तुमचा किती, हे दुसऱ्या कुणाच्या अंगावरून कळणार नाही.

खाली काय घालणार तेही अंगावर असू द्या. नाडीच्या सलवारीचा नेफा आणि चुण्या नेमक्या याच पट्ट्यात येतात. लेगिंगवर बरोबर बसणारी कुर्ती सलवारीवर फाकते, ती काही कुर्तीची चूक नसते.

कुर्तीचा आकडा अंगाचा की कापडाचा?

लेबलवर ३८ लिहिलंय म्हणजे ती कुर्ती ३८ इंच छातीच्या बाईसाठी आहे की कुर्तीचीच छाती ३८ आहे? दोन्ही पद्धती चालतात आणि तक्त्यात ते स्पष्ट लिहिलेलं असतंच असं नाही. हातात कुर्ती असेल तर काखेच्या एक इंच खाली आडवं मोजून दुप्पट करा. आकडा लेबलपेक्षा दोन-तीन इंच जास्त आला तर लेबल अंगाचं माप सांगतंय. तेवढाच आला तर कापडाचं, आणि मग तुमच्या छातीत लूझिंग मिळवूनच साइज निवडायची.

न ताणणाऱ्या कापडात छातीला तीन इंच लूझिंग मला सोयीचं वाटतं. दोनमध्ये कुर्ती अंगाबरोबर बसते पण हात पुढे केला की पाठीवर ताण येतो. चारच्या पुढे ती सैल दिसू लागते. कटाच्या टोकाशी उभं असताना दोन इंच आणि बसल्यावर निदान अर्धा इंच शिल्लक राहायला हवा. हे बसल्यावरचं अर्ध्या इंचाचं शिल्लक मी सगळ्यात आधी तपासते. शिवण उसवते ती उभं राहून नाही, बसून.

एक कुर्ती, तीन साइज

माझ्या धाकट्या नणंदेची गोष्ट घेऊ. छाती ३७, सीट ४३. तक्त्यात होतं: एम छाती ३८, हिप ४०, एल छाती ४०, हिप ४२, एक्सएल छाती ४२, हिप ४४. छातीप्रमाणे एम, हिपप्रमाणे एक्सएल. ती कायम एम घ्यायची, कारण “वहिनी, एक्सएल म्हणजे तंबू होतो गं.” त्यात ती चुकीची नव्हती. पण तिच्या सगळ्या एम कुर्त्या कटाशी उसवलेल्या होत्या.

तिच्या कुर्तीचा कट खांद्यापासून २१ इंचांवर होता. त्या उंचीवर नाडी बांधून मोजलं तर घेर ४१ निघाला. तिचं सीट ४३ आहे, पण ते २३ इंचांवर, म्हणजे कटाच्या दोन इंच खाली. बसल्यावर २१ इंचांवरचा घेर ४२.५ झाला. म्हणजे एक्सएलकडे ढकलणारा ४३ हा आकडा नळीला लागूच नव्हता. नळीला ४१ आणि ४२.५ हे आकडे सांभाळायचे होते.

आता कापड मोजलं. एमची छाती ४०, कटाच्या टोकाशी ४१, आणि दोन पडद्यांची बेरीज भरलेल्या जागी ४२. उभं असताना शिल्लक शून्य, बसल्यावर दीड इंच तूट. उसवण्याचं कारण इथेच संपलं. एल प्रत्येक ठिकाणी दोन इंचांनी मोठी: छाती ४२, कटाशी ४३, पडदे ४४. कटाशी उभं असताना दोन इंच, बसल्यावर अर्धा इंच शिल्लक, आणि पडदे ४३ च्या सीटला पुरून उरतात. एक्सएल कटाशी ४५, तिथे छान मोकळी, पण छातीत ४४, म्हणजे तिच्या छातीपेक्षा सात इंच जास्त.

छातीत एलसुद्धा पाच इंच जास्त आहे. ती दोन इंच आत घेता येते. एक्सएल चार इंच आत घ्यावी लागेल, आणि खरी अडचण तिथेही नाही, खांद्यात आहे. साइज एक पायरी चढली की छाती-हिप साधारण दोन इंच वाढतात, खांदा मात्र अर्धा इंच वाढतो. अर्धा इंच म्हणजे एकेका बाजूला पाव इंच, ते दिसत नाही. दोन पायऱ्या चढल्यावर खांदा एक इंच वाढतो, म्हणजे एकेका बाजूला अर्धा इंच उतरतो आणि मुंढाही, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खाली जातो, मग हात वर केला की सगळी कुर्ती वर येते. खांदा आणि मुंढा लहान करायचे तर बाही काढून पुन्हा लावावी लागते, आणि तेवढ्या खटपटीत नवी कुर्ती शिवून होते.

म्हणून माझा हिशेब असा: छाती आणि कटाचा घेर यांत एका साइजचा फरक असेल तर मोठी घेऊन छाती आत घ्या. दोन किंवा जास्त साइजचा फरक असेल तर सरळ कुर्तीचा नाद सोडा, छातीच्या मापाची कळीदार घ्या किंवा उंच कटाची सरळ घ्या. मोठी घेऊन सगळीकडून बारीक करणं हा मार्ग मी स्वतः दोनदा चोखाळला आहे. दोन्ही वेळा ना धड कुर्ती राहिली ना फिटिंग.

मोठी कुर्ती आत घेताना होणारी चूक

‘फिटिंग करून द्या’ एवढंच सांगितलं तर काखेपासून कटापर्यंत सरळ एक टीप मारली जाते. म्हणजे ज्या दोन इंचांसाठी एल घेतली, तेच दोन इंच कटाशी पुन्हा गेले. घरी आल्यावर कुर्ती जुन्यासारखीच फाकते आणि वाटतं, एलही होत नाही.

टीप काखेत जुन्या शिवणीपासून अर्धा इंच आत घ्यायची. पुढचं आणि मागचं कापड एकत्र धरलेलं असतं म्हणून अर्ध्या इंचाने एका बाजूचा एक इंच जातो, दोन्ही बाजूंचे मिळून दोन. (अर्ध्याऐवजी एक इंच आत घेऊन चार इंच घालवलेली कुर्ती अधूनमधून येतेच.) कमरेपर्यंत तेवढंच अंतर ठेवायचं, आणि कमरेखाली हळूहळू जुन्या शिवणीकडे सरकत कटाच्या टोकाच्या तीन-चार इंच वर तिच्यात मिसळून जायचं. कटाला हात लावायचा नाही. वर काखेतून बाहीच्या शिवणीतही तसंच उतरत जायचं, नाहीतर काखेत चुणी पडते. शिंप्याकडे देत असाल तर कुर्ती अंगावर घालून जिथपर्यंत आत घ्यायचंय तिथे खडूने खूण करून द्या. ‘इथून खाली सोडा’ हे तोंडी सांगितलेलं दुकानाच्या गर्दीत विसरलं जातं.

ताणणाऱ्या कापडावर किती भरवसा ठेवायचा

“हे स्ट्रेचेबल आहे, होऊन जाईल” हे ऐकून घेतलेल्या कुर्त्या सगळ्यात जास्त फाकतात. आधी ते ताणतं किती आणि कुठल्या दिशेला ते बघा. कुर्तीच्या घेरात, आडव्या दिशेने, शिवण नसलेल्या जागी १० सेंटीमीटरवर दोन बोटं धरा आणि जोर न लावता ओढा. ११ पर्यंत आलं तर दहा टक्के, १२ पर्यंत आलं तर वीस. सोडल्यावर ते लगेच १० वर परत आलं पाहिजे. दहा सेकंद ताणून धरून सोडल्यावर साडेदहावर राहत असेल, तर ती कुर्ती दुपारपर्यंत बसायच्या जागी पोतं होणार.

कॉटनमध्ये थोडं लायक्रा मिसळलेलं कापड बऱ्याचदा एकाच दिशेला ताणतं. ती दिशा उभी असेल तर हिपला तिचा काही फायदा नाही. होजिअरी, म्हणजे टी-शर्टसारखं विणलेलं कापड, दोन्हीकडे ताणतं. रेयॉन ताणत नाही. ते मऊ आहे आणि अंगावर पडतं म्हणून ताणल्यासारखं वाटतं, बस. त्याला कॉटनइतकंच लूझिंग लागतं. हा गैरसमज मात्र फार पक्का आहे.

ताण मोजला तरी तो सगळा वापरायचा नसतो. वीस टक्के ताणणारी ४० इंची नळी कागदावर ४८ होईल. पण ताणलेलं कापड परत आकसायला बघतं, आणि हिपवर ते आकसतं म्हणजे वर, कमरेकडे सरकतं, कारण कंबर बारीक असते. कुर्ती वर चढते ती अशी. ताण जितका जास्त वापराल तितकी ती चढेल, कट तितके उघडतील, शिवाय कापड पातळ दिसेल. म्हणून ताणणाऱ्या कापडात छातीचं लूझिंग तीनवरून एकवर किंवा शून्यावरही आणायला हरकत नाही, तिथे कुर्तीला खांदा धरून ठेवतो. कटाच्या टोकाशी मात्र उभं असताना निदान एक इंच मोकळाच हवा. ताण हा बसण्या-उठण्यासाठी राखीव ठेवायचा. माझ्या नणंदेच्या बाबतीत चांगल्या होजिअरीची एम चालेल का? नाही, कारण उभं असतानाच शून्य शिल्लक आहे. तिला तिथेही एलच लागेल, आणि छाती तिथेही आत घ्यावी लागेल.

आणखी दोन ठिकाणी ताण फसवतो. एक म्हणजे अस्तर. वरचं कापड कितीही ताणो, आत कॉटनचं अस्तर असेल तर माप अस्तराचं. कुर्ती उलटी करून अस्तराची छाती आणि ते कुठपर्यंत बंद आहे ते मोजा. काही कुर्त्यांत अस्तराचा कट वरच्या कापडाच्या कटापेक्षा खाली सुरू होतो. बाहेरून मोकळी दिसणारी कुर्ती मग आतून आवळते, आणि कारण सापडत नाही. दुसरं म्हणजे टीप. साध्या सरळ टीपेने शिवलेलं ताणणारं कापड अंगाबरोबर ताणतं, धागा ताणत नाही, आणि कापड शाबूत राहून टीपच तटकन तुटते. दोन्ही बाजूंनी शिवण धरून हलकं ओढा. कुरकुर आवाज आला तर घेऊ नका.

धुतल्यावर बदललेलं माप

नवं कॉटन आणि रेयॉन पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटू शकतं, आधी भिजवून शिवलेलं नसेल तर. ४२ इंच छातीचे तीन टक्के म्हणजे सव्वा इंच. म्हणजे तीन इंच लूझिंगपैकी जवळपास निम्मं पहिल्याच बादलीत गेलं. उंचीत ते बऱ्याचदा जास्त आटतं. त्याबरोबर कटही वर सरकतो, २१ वरचा कट चार टक्क्यांनी सव्वावीसवर येतो. बारीक जागी आल्याने कटाशी ते किंचित फायद्याचंच ठरतं. पण मुंढा आणि छाती आवळतात ते काही भरून निघत नाही. म्हणून आत घेण्याचं काम नेहमी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यावरच करावं. नवी कोरी कुर्ती शिंप्याकडे नेऊन फिटिंग करायची आणि मग धुवायची, हा क्रम उलटा आहे.

आधीच घेतलेल्या कुर्त्यांचं काय

नणंदेच्या जुन्या एम कुर्त्या टाकून द्याव्या लागल्या नाहीत. दोन उपाय होते आणि दोन्ही थोडे थोडे केले.

पहिला, कट वर नेणं. दीड इंच उसवून कट २१ वरून साडेएकोणीसवर आणला. तिथे तिचा घेर ३९.५ आणि कुर्तीचा ४०.५, म्हणजे शून्याचा एक इंच झाला. किती वर जायचं याला मर्यादा आहे. कुर्ती घालून दोन्ही हात पूर्ण वर करा. कुर्ती दोनेक इंच उचलली जाते. तेव्हा कटाचं टोक लेगिंगच्या पट्ट्याच्या वर गेलं तर उघडी कूस दिसेल. तेवढं अंतर राखूनच कट वाढवा.

दुसरा, आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, सोडणं. बाजूची शिवण उलटी करून बघा. टिपेच्या बाहेर अर्धा इंच किंवा जास्त माया असेल तर पाव इंच सोडता येते. पाव इंचाचे चारही कडांचे मिळून एक इंच होतात, म्हणजे ४०.५ ची ४१.५ झाली. बसल्यावर त्या उंचीवर तिचा घेर ४१ भरतो. अर्धा इंच शिल्लक, काम झालं. ओव्हरलॉक टिपेला अगदी चिकटून असेल तर मात्र सोडायला काही नाही, फक्त कट वाढवा. सोडण्याआधी एखादा इंचच उसवून ओल्या कापडाने इस्त्री फिरवून बघा. जुन्या टिपेची भोकं रेशमी आणि जॉर्जेट कापडात जात नाहीत, आणि गडद कॉटनमध्ये शिवणीच्या आतला न विटलेला रंग पट्ट्यासारखा दिसतो.

कट वाढवला की कडेला दुमडायला माया कमी पडते. नुसतीच दुमड ओढून शिवली तर कड वळते आणि आपण सुरुवातीला सांगितलेल्या चुणीच्या दोषाकडे परत येतो. त्याच रंगाची पाऊण इंच पट्टी आतून लावून कड पूर्ण करावी. नवीन टोकाशी आतल्या बाजूने नखाएवढा कापडाचा तुकडा ठेवून त्यावर तीन-चार आडव्या उलटसुलट टिपा मारायच्या. हा तुकडा ताण कमी करत नाही, फक्त तो एका धाग्यावर न येता पसरतो. म्हणून घेर न वाढवता नुसता तुकडा लावून दिलेली कुर्ती पुढच्या वेळी टोकाशी उसवत नाही, तुकड्याच्या कडेने कापडच फाटतं. ते मग शिवता येत नाही.